तू मला ओळखतेस ना, मग तूच सांग

"ती दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. मी काय केलं असेल? तू तर मला ओळखतेस, तूच सांग."

मेसेज पाठवणारा एकेकाळचा प्रियकर, आणि त्यातली 'ती' म्हणजे त्याची आताची मैत्रीण. वाचणाऱ्या मुलीला आधी बरं वाटतं, कारण इतकं सगळं होऊनही याचा आपल्यावर भरवसा आहे. मागोमाग शंका येते. याला खरंच सल्ला हवाय की माझ्याशी बोलायला निमित्त हवंय? मैत्रिणींना विचारावं तर एक म्हणते, किती समजूतदार आहात तुम्ही दोघं. दुसरी म्हणते, आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर. दोघींनाही त्या मेसेजमागे काय चाललंय ते पुरतं दिसत नसतं. खुद्द पाठवणाऱ्यालाही बहुतेक वेळा ते ठाऊक नसतं, म्हणून "तुझ्या मनात नेमकं काय आहे?" असं त्याला थेट विचारून फारसं काही हाती लागत नाही. (इथे मुलगा विचारतोय आणि मुलगी सल्ला देतेय असं धरलं आहे. उलटही घडतं, दोन मुलग्यांत किंवा दोन मुलींतही घडतं, आणि मुद्दा बदलत नाही.)

माणूस अडचणीत सापडला की आपोआप कुणाकडे वळतो, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आई आणि मूल यांच्यातल्या ओढीबद्दल जे मांडलं, ते 1987 मध्ये सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या दोन अमेरिकी संशोधकांनी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिलं. लहान मूल घाबरलं की ज्या ओढीने आईकडे धावतं, तशीच ओढ मोठ्या माणसाला जोडीदाराबद्दल वाटते. पुढे हझान आणि डेब्रा झाइफमन यांनी पाहिलं, की ही ओढ एका माणसाकडून दुसऱ्याकडे एकदम जात नाही, टप्प्याटप्प्याने जाते. आधी नव्या माणसाच्या सहवासाची ओढ लागते. मग मन खट्टू झालं, भीती वाटली की त्याच्याकडे जावंसं वाटतं. 'काहीही झालं तरी हा पाठीशी आहे' ही खात्री सगळ्यात शेवटी येते. हे सगळे टप्पे ज्यांच्यात पूर्ण झालेले दिसले, त्यांचं नातं साधारण दोन वर्षं किंवा त्याहून जुनं होतं.

आता हे त्या मेसेजला लावून पाहा. त्याचं नवं नातं सहा महिन्यांचं आहे. नव्या मैत्रिणीबरोबर फिरायला जावं, तासन्‌तास बोलावं, हे त्याला मनापासून हवं आहे. त्यात खोटं काही नाही. पण धास्ती वाटली की पाय अजून जुन्या दाराकडे वळतात, कारण चार वर्षं त्या दारात त्याचं ऐकून घेतलं गेलं. बोस्टनमध्ये नवरा-बायकोच्या ताटातुटीचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1975 मधल्या आपल्या पुस्तकात हेच नोंदवलं होतं. प्रेम आटतं, आदर उरत नाही, एकमेकांचा रागही येतो, तरी संकटात त्याच माणसाची आठवण येणं चालू राहतं.

म्हणजे हा मेसेज आला म्हणून त्याचं अजून आपल्यावर प्रेम आहे असं होत नाही, आणि तो नुसता मित्र म्हणून विचारतोय असंही नाही. आधाराची जागा अजून नव्या माणसाकडे गेलेली नाही, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं. ती जाऊ द्यायची की अडवून धरायची, हे पुढच्या काही आठवड्यांत तुम्ही दोघं कसं वागता त्यावर ठरतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. इथली कितीतरी प्रेमप्रकरणं घरी माहीत नसतात. जमलं तेव्हा सांगितलं नाही, मोडलं तेव्हाही सांगितलं नाही. वडिलांशी प्रेमाबद्दल बोलायची सोय नाही, आईला सांगितलं तर ती मामाला सांगणार, आणि मित्रांच्या कट्ट्यावर "सोड ना यार, दुसरी बघ" यापलीकडे गाडी जात नाही. मुलग्यांच्या बाबतीत हे फार दिसतं. मनातलं बोलायचं ते प्रेयसीशी, बाकीच्यांशी क्रिकेट, नोकरी आणि ट्रॅफिक. अशा मुलाचं नातं तुटतं तेव्हा प्रेयसीबरोबर त्याचा एकमेव ऐकणारा माणूसही जातो. नव्या मैत्रिणीबद्दलच काही खुपत असेल, तर ते तो सांगणार कुणाला? जिला त्याच्या रागाची, अबोल्याची, सगळ्या सवयींची माहिती आहे तिला. हा हिशेब त्याने कागदावर मांडलेला नसतो, पण बोट तिच्याच नावावर जातं.

म्हणून अशा मुलाला मी लबाड म्हणणार नाही. पण त्याचा हेतू साफ आहे म्हणून परिणामही साफ असतात, असं मात्र नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन कुटुंबांबरोबर काम करत, आणि त्यांचं एक निरीक्षण इथे अगदी चपखल बसतं. दोन माणसांमधला ताण सोसेनासा झाला की त्यातलं एक जण तिसऱ्याला आत ओढतं. याला ते त्रिकोण म्हणत. तिसरा आला की ताण उतरतो, दोघंही थोडी शांत होतात, पण ज्यावरून ताण आला ती गोष्ट जागच्या जागी राहते. सासू-सुनेच्या भांडणात मुलाला मध्ये घेतलं जातं, ते आपण घरोघरी पाहिलेलं आहे. मुलाने समजूत काढली की ती रात्र निभते, भांडण निभत नाही.

एक प्रसंग सविस्तर पाहू. मुलगी पुण्यात, मुलगा हैदराबादला. इंजिनिअरिंगपासून चार वर्षं एकत्र होती. त्याला तिकडेच राहायचं होतं, तिला पुणं सोडायचं नव्हतं, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी रडून-भांडून पण शेवटी समजुतीने वेगळी झाली. कॉलेजचा ग्रुप एकच, त्यामुळे वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू. मग त्याचं हैदराबादेत एका मुलीशी जमलं. त्याने ते हिला स्वतःहून सांगितलं, हिनेही मनापासून अभिनंदन केलं.

पहिला प्रश्न आला तो साधा. "तिचा बर्थडे आहे, तिला पुस्तकं आवडतात, काय देऊ?" हिने दोन नावं सुचवली. त्याने एक घेतलं, चार दिवसांनी "आवडलं तिला, थँक्स" म्हणून कळवलं, आणि विषय तिथे संपला. ही मैत्री आहे, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. प्रश्नाला विषय होता, उत्तराचा उपयोग झाला, आणि उत्तर मिळाल्यावर बोलणं आपोआप थांबलं.

दुसरा प्रश्न महिन्याभराने, रात्री साडेअकराला. तोच, सुरुवातीला दिलेला. हिने तासभर बोलून त्याला धीर दिला: तू बिझी असलास की तुटक बोलतोस, माझ्याशीही तसंच व्हायचं, तिला तेच लागलं असेल. सल्ला योग्य होता. त्याला हायसं वाटलं आणि तो झोपला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीशी तो काही बोलला का? नाही. गरजच उरली नव्हती. ज्या अस्वस्थतेने त्याला तिच्यापुढे बसवलं असतं, "मी काही चुकीचं बोललो का?" असं अवघडत विचारायला लावलं असतं, ती अस्वस्थता रात्रीच पुण्याच्या फोनवर उतरून गेली होती. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा अबोला आपोआप सुटला, कारण कळलंच नाही. हीच गोष्ट पुढच्या महिन्यात पुन्हा झाली. तेव्हा त्याने तिच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं, "तू अशी कधी वागली नसतीस."

या एका वाक्याने सगळं फिरलं. तोवर तो नव्या नात्याबद्दल विचारत होता. आता तो जुन्या नात्याबद्दल बोलतोय आणि नवी मुलगी फक्त तुलनेपुरती उरली आहे. शिवाय त्या मुलीने विश्वासाने एकाला लिहिलेलं दुसरीच वाचतेय, आणि तिला याचा पत्ता नाही. मला यातलं सर्वांत गंभीर हेच वाटतं. एक्सशी बोलतो एवढं जोडीदाराला माहीत असून पुरत नाही. काय बोलतो, ते त्या जोडीदाराने वाचलं तर चालेल का, हा खरा प्रश्न आहे. पुस्तकाबद्दलचं बोलणं तिने वाचलं असतं तर हसली असती. साडेअकराचं बोलणं वाचून दुखावली असती. स्क्रीनशॉट पाहून निघून गेली असती.

टेक्सास, कॅन्सस अशा अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत एक्सशी संपर्क का ठेवला जातो यावर काम केलं आहे. रेबेका ग्रिफिथ, ओम्री गिलाथ आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये लोकांनी सांगितलेल्या कारणांचे चार गट केले: आधार वाटतो म्हणून, व्यवहार अडकलेला आहे म्हणून, वाईटपणा नको म्हणून, आणि मनातली ओढ अजून गेलेली नाही म्हणून. आधारापोटी टिकलेल्या मैत्रीचा अनुभव बराच चांगला होता; ओढीपोटी टिकवलेल्या मैत्रीत दुःख, मत्सर आणि पुढे जायला होणारा उशीर जास्त दिसला. अडचण अशी, की 'आधार' आणि 'ओढ' ही खणं माणसाच्या मनात अशी वेगळी नसतात. आपला हैदराबादवाला पुस्तकाच्या दिवशी पहिल्या खणात होता आणि स्क्रीनशॉटच्या रात्री शेवटच्या. यातली बरीच पाहणी अमेरिकी कॉलेजातल्या मुलामुलींची आहे हेही ध्यानात ठेवायला हवं. तिथे दोघांच्या घरी एक्सचं नाव माहीत असतं. आपल्याकडे ते लपवावं लागतं, आणि लपवलेल्या गोष्टीला जवळीक लवकर चिकटते.

आता सल्ला देणारीकडे वळू, कारण तिचं मन या सगळ्यात बाजूला राहत नाही. कुणी सल्ला मागितला की आपण मोठे झाल्यासारखं वाटतं, आणि इथे तर जी जागा एका नव्या मुलीला मिळाली तिच्याबद्दलच आपलं मत विचारलं जातंय. ही भावना सुखाची असते आणि ती नाकारून उपयोग नसतो. तिने एक गोष्ट बघावी. "झालं आमचं नीट, परवा आम्ही फिरायला गेलो होतो" असा त्याचा मेसेज आल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदांत आत काय झालं? नंतर सुचतं ते सोडा, पहिलं काय झालं? थोडं जरी खचल्यासारखं वाटलं, तर तिच्याकडून मिळणारा सल्ला निःपक्षपाती असणं अवघड आहे. तो वाकडा जातोच असं नाही, पण "ती तुला समजूनच घेत नाही" हे वाक्य जिभेवर जरा लवकर येतं.

तिची स्वतःची जखमही त्याने भरायची थांबते. डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी यांनी नुकतं नातं तुटलेल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या भावना 28 दिवस रोज नोंदवून घेतल्या. एक्सशी ज्यांचा संपर्क होत राहिला, त्यांचं प्रेम आणि दुःख दोन्ही हळू ओसरलं. दोन वर्षांपूर्वी संपलेल्या नात्याला तो हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. पण दर महिन्याला रात्रीचा तास-दीड तास जुन्या माणसाच्या मनात शिरण्यात जात असेल, तर नव्या माणसासाठी ती तेवढी मोकळी राहत नाही, हे समजायला पाहणीची गरज नाही.

मग करायचं काय? ब्लॉक करणं हा उपाय मला पहिल्याच झटक्यात योग्य वाटत नाही. त्याने काही वाईट केलेलं नाही, आणि तोडून टाकलं तर आपण नक्की कशातून बाहेर पडलो हे दोघांनाही कळत नाही. त्यापेक्षा थोडं वागणं बदलावं आणि काय होतं ते पाहावं. रात्रीच्या मेसेजला सकाळी उत्तर द्यावं, ऑफिसला निघता निघता, दोन ओळींत. त्या मुलीच्या मनात काय असेल याचे अंदाज बांधणं बंद करावं. "मी तिला ओळखत नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही. तू तिला विचारलंस का?" एवढंच म्हणावं आणि दर वेळी तेच म्हणावं. स्क्रीनशॉट आला तर स्पष्ट सांगावं, "हे तिने तुला लिहिलंय, मला दाखवू नकोस." रागावून नाही, पण विनोदात उडवूनही नाही. आणि स्वतःबद्दल काहीतरी सांगावं, नोकरीतली कटकट, आईचं गुडघ्याचं दुखणं, काहीही. तो त्यावर दोन प्रश्न विचारतो की लगेच "हो गं, पण ऐक ना" म्हणून आपल्या विषयावर येतो, हे पाहावं.

महिन्याभरात चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. ज्याला मैत्री हवी होती तो सुरुवातीला थोडा हिरमुसतो, मग जुळवून घेतो. त्याचे मेसेज कमी होतात, दिवसाउजेडी येतात, आणि एखाद्या दिवशी तो सांगतो की बोललो मी तिच्याशी, तिचं म्हणणं वेगळंच होतं. ज्याला जवळीक हवी होती त्याला सकाळच्या दोन ओळी पुरत नाहीत. "तू बदललीस" असं येतं, जुने फोटो येतात, किंवा प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठं संकट येतं. तेव्हा मात्र अंदाजावर राहू नये. "तुझ्या आणि तिच्या नात्याबद्दल आपण इथून पुढे बोलायचं नाही" असं सांगून टाकावं, आणि तेही पाळलं गेलं नाही तर संपर्क थांबवावा.

आपल्याकडचा याचा एक खास प्रकार आहे. नवं नातं प्रेमाचं नसून ठरवलेलं असतं. एक्सचा फोन येतो, "स्थळ आलंय. मुलगा कोथरूडचा, बरा आहे. आई मागे लागलीय. तू सांग ना, हो म्हणू का?" मुलाचा पगार, घरची माणसं, पत्रिका, सगळं ती सविस्तर सांगते आणि ऐकणारा प्रामाणिकपणे फायदे-तोटे मोजायला बसतो. तसं करू नये. चार वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याला हे विचारताना स्थळ क्वचितच मुख्य मुद्दा असतं. कधी तिला त्याने अडवावं असं वाटत असतं. कधी त्याने एकदा "हो म्हण" म्हणून सोडवावं असं वाटत असतं, म्हणजे मागचं काही शिल्लक राहिलं नाही याची खात्री पटते. यातलं कोणतं, हे मोजमापाने कळत नाही. "मी हो म्हण म्हणालो तर तुला कसं वाटेल, आणि नको म्हण म्हणालो तर कसं वाटेल?" असं तिलाच विचारावं. त्या उत्तरानंतर जे बोलावं लागेल ते त्या दोघांबद्दलचं असेल. ते स्थळाच्या आडून बोलण्यापेक्षा सरळ बोललेलं बरं, आणि कोथरूडच्या मुलाला होकार जाण्याआधी बोललेलं बरं, कारण त्याला यातलं काहीच माहीत नाही.

एका बाबतीत मात्र वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवावं. एक्स सांगत असेल की नवा जोडीदार हात उचलतो, फोन तपासतो, फोटो पसरवायची धमकी देतो, घराबाहेर पडू देत नाही, तर हे जवळीक साधायचं निमित्त आहे का, असा विचार करत बसू नये. अशा माणसाला आधीच इतरांपासून तोडलेलं असतं, आणि जुनं माणूस हे त्याच्याकडे उरलेलं एकमेव दार असू शकतं. त्या क्षणी धोका असेल तर 112 आणि बाईला मदत हवी असेल तर 181 हे क्रमांक देशभर चालतात. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलत असेल तर टेलि-मानसचा 14416 आहे. रात्रीचे अडीच वाजले असले तरी फोन उचलावा, ती सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत बोलत राहावं, आणि शक्यतो तिच्या बहिणीला किंवा एखाद्या मैत्रिणीलाही यात घ्यावं, म्हणजे सगळा भार एकट्या एक्सवर राहणार नाही.